मुलांच्या शाळेच्या फीसाठी एफडी की आरडी? या चुका टाळा

बँकेत ठेवींच्या काउंटरवर बसणाऱ्या कोणालाही विचारा, मार्च-एप्रिलमध्ये फीसाठी ठेव मोडायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "आरडीत व्याज कमी मिळालं, एफडीच करायला हवी होती." बहुतेक वेळा दोष आरडीचा नसतोच.

समजा दोन्हींचा दर ७ टक्के आहे. ६०,००० ची एफडी वर्षभर ठेवली तर तिमाही चक्रवाढीने साधारण ४,३०० रुपये व्याज होतं. दरमहा ५,००० ची आरडी केली, तर भरलेले पैसे तेवढेच ६०,०००, पण व्याज २,३०० च्या आसपास. हे पाहून लोक बँकेने फसवलं म्हणून भांडायला येतात. अहो, आरडीचा पहिला हप्ता बारा महिने बँकेत राहतो, शेवटचा फक्त एक महिना. सरासरी काढली तर तुमचा पैसा साडेसहा महिनेच राबला, मग व्याज निम्म्याच्या जवळपास येणार. एका मुदतीला बँका एफडी आणि आरडीला सहसा एकच दर देतात. त्यामुळे दरांची तुलना करत बसू नका, पैसा कुठून येणार आहे ते बघा. पगारातून दरमहा बाजूला काढायचा असेल तर आरडी. दिवाळीचा बोनस किंवा भिशीची रक्कम एकदम हातात आली असेल तर एफडी.

या गैरसमजापायी काही जण "आधी ६०,००० साठवू, मग एफडी करू" म्हणून पैसे बचत खात्यात ठेवतात. तिथे अडीच-तीन टक्के मिळतात आणि गणपती येईपर्यंत निम्मे खर्च झालेले असतात. उलट, बोनस बचत खात्यात ठेवून त्यातून दरमहा आरडीचा हप्ता कापून घेणारेही भेटतात. हातातल्या पैशाची आरडी करणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक तारखेची, आणि ही जास्त महागात पडते. एका बाईंनी मुलीच्या फीसाठी २० जूनला ५,००० ची बारा महिन्यांची आरडी उघडली. शाळा सीबीएसईची, ६०,००० फी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरायची होती. आरडी मात्र पुढच्या २० जूनला पिकणार! एप्रिल उजाडला तेव्हा दहा हप्ते, म्हणजे ५०,०००च जमले होते. आरडी मोडली, तर ठरलेला दर गेला. प्रत्यक्ष जितके महिने पैसे राहिले त्या मुदतीचा दर लागला आणि त्यातूनही एक टक्का दंड कापला. हातात जेमतेम हजारभर रुपये व्याज आलं आणि वरचे नऊ हजार त्यांना बहिणीकडून उसने घ्यावे लागले.

त्यांनी त्याच दिवशी नऊ महिन्यांची ६,६०० ची आरडी केली असती, तर २० मार्चला सहा टक्क्यांनी ६०,८०० च्या वर मिळाले असते. म्हणून फीच्या तारखेपासून मागे मोजा, किमान दोन आठवडे मोकळे सोडा आणि बसतील तेवढ्या महिन्यांची आरडी करा. काही बँकांत आरडी किमान बारा महिन्यांचीच असते. तिथे मी दर महिन्याला छोटी एफडी करायला सांगतो, सगळ्यांची मुदत मार्चमध्येच संपेल अशी. मुदत कमी होत जाईल तसा दर घटतो, पण मोडावी काहीच लागत नाही. "ॲपवर दोन मिनिटांत उघडली" म्हणणाऱ्यांनी मुदत संपण्याची तारीख तरी वाचावी.

फी तीन हप्त्यांत भरायची असेल तर एकच मोठी एफडी करू नका, तीन वेगळ्या करा. एक मोडली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. मुदत संपायला थोडेच दिवस उरले असतील तर ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज किती व्याजाने मिळतं ते विचारा.

करबचतीची एफडी फीसाठी कधीच नको. पाच वर्षं ती मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांआधी ती बंद करता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर बचत खात्याचाच दर मिळतो. बालवाडीतल्या मुलाच्या पाचवीच्या प्रवेशासाठी ती उत्तम, पुढच्या वर्षीच्या फीसाठी निरुपयोगी. पोस्टात हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड लागतो.

आणि एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून फीचे पैसे पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.