मुलांना फ्री ट्रायल समजावताना या चुका टाळा

फ्री ट्रायल मोफत असते, तर मग सुरुवातीलाच कार्डाची माहिती का मागतात, हा प्रश्न 14-15 वर्षांच्या मुलाला अवश्य विचारावा. “खरा माणूस आहे की नाही हे तपासायला” असे उत्तर बहुधा येते आणि ते पूर्ण चुकीचे नसते, कारण कार्ड चालू आहे का हे पाहण्यासाठी काही सेवा एखादी किरकोळ रक्कम रोखून धरतात आणि नंतर मोकळी करतात. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. ट्रायलचे बटण दाबताना आपण खरेदीला होकार देऊन टाकलेला असतो. फक्त पैसे कापण्याची तारीख काही दिवस पुढे असते. त्या तारखेपर्यंत काहीही केले नाही तर खरेदी पूर्ण होते आणि ती टाळायची असेल तर मात्र आठवणीने काहीतरी करावे लागते. मुलाला एवढा एक मुद्दा नीट कळला, तर पुढचे बहुतेक नियम तो स्वतःच मांडू शकतो. समजावणारे पालक नेमके कुठे चुकतात, ते पाहू.

“ही सगळी फसवणूक असते” असे सांगून सुरुवात करणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तिचा तोटाही सर्वांत मोठा असतो. मूल एखादी ट्रायल घेते, ती व्यवस्थित चालते, अ‍ॅप चांगलेही निघते. मग पालकांची सूचना निराधार होती, असा निष्कर्ष ते काढते. फसवणूक करणारी अ‍ॅप असतात, हे खरे आहे. पण बहुतेक वेळा पैसे जातात ते अगदी उघडपणे लिहिलेल्या अटींनुसार. म्हणून भीती घालण्याऐवजी होकाराचा पडदा एकत्र बसून वाचावा. मोठ्या बटणावर ‘मोफत सुरू करा’ अशा अर्थाचे शब्द असतात, तर त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत खरा करार असतो. त्यातून चार गोष्टी मुलाने स्वतः शोधून काढाव्यात: पहिले पैसे कोणत्या तारखेला जातील, किती जातील, ते दर किती दिवसांनी जात राहतील आणि बंद करण्यासाठी कुठे जावे लागेल. यांपैकी एखादी गोष्ट सापडत नसेल तर ट्रायल सुरूच करायची नाही, हा नियम मुलांना लगेच पटतो, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोरच्या मजकुरावर आधारलेला असतो.

शेवटच्या दिवसाची आठवण लावणे

समजा, एका मुलीने चित्रकलेच्या अ‍ॅपची 7 दिवसांची ट्रायल शनिवारी सायंकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी सुरू केली. ती फोनमध्ये पुढच्या शनिवारी रात्री 9 वाजताची आठवण लावते. तिच्या हिशेबाने सातवा दिवस संपलेला नाही, पण ट्रायल मात्र 7 वाजून 40 मिनिटांनीच संपलेली असते. इतकेच नव्हे, तर अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर घेतलेली ट्रायल संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द करावी, असे अ‍ॅपल स्पष्टपणे सांगते. म्हणजे तिची खरी मुदत शुक्रवारी सायंकाळी 7 वाजून 40 मिनिटांपर्यंतच होती.

तिने आठवण बुधवारी सायंकाळी लावली असती तर बरे झाले असते. त्या दिवशी पासवर्ड आठवला नाही, नेटवर्क नसले किंवा रद्द करण्याचे पान सापडले नाही, तरी अडचण सोडवायला दोन दिवस हाताशी राहतात. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे ट्रायल सुरू केल्यावर लगेच रद्द करणे. अनेक सेवांमध्ये रद्द केल्यानंतरही मुदत संपेपर्यंत वापर चालू राहतो. काही ठिकाणी मात्र रद्द करताच प्रवेश बंद होतो. कोणता प्रकार आहे हे रद्द करण्याच्या शेवटच्या पडद्यावर लिहिलेले असते, त्यामुळे तो न वाचता ‘होय’ दाबू नये.

बुधवारची तारीख दुसऱ्या कारणासाठीही उपयोगी पडते. अ‍ॅप ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची कसोटी मुलीने ट्रायल सुरू होण्याआधीच लिहून ठेवावी, उदाहरणार्थ, “बुधवारपर्यंत या अ‍ॅपमध्ये 2 चित्रे पूर्ण झाली नाहीत, तर ते बंद.” कसोटी पालकांनी सुचवू नये, हा मोह कितीही झाला तरी. ट्रायल संपत आल्यावर विचारलेल्या “आवडले का?” या प्रश्नाला उत्तर नेहमी “हो” असेच येते, आधी लिहिलेल्या वाक्याचे उत्तर मात्र आकड्यात असते.

अ‍ॅप काढून टाकले म्हणजे सबस्क्रिप्शन संपले असे समजणे

संपत नाही. अ‍ॅप फोनवर असते, पण करार स्टोअरच्या खात्याशी किंवा त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील खात्याशी झालेला असतो. फोनवरून चिन्ह नाहीसे झाले तरी तो करार जागच्या जागी राहतो आणि ठरलेल्या दिवशी पैसे कापले जातात. उलट, चिन्ह दिसेनासे झाल्यामुळे आठवण होण्याचे साधनच जाते.

करार कुठे आहे हे मुलाला एकदा प्रत्यक्ष दाखवावे. आयफोनवर Settings उघडून सर्वांत वरच्या स्वतःच्या नावावर गेल्यावर Subscriptions सापडते. अँड्रॉइडवर गूगल प्ले उघडून कोपऱ्यातील प्रोफाइलच्या चित्रावर गेल्यावर Payments & subscriptions आणि त्यात Subscriptions मिळते. तिथे प्रत्येक चालू सबस्क्रिप्शनची पुढची तारीख दिसते.

पैसे तर कापले जात आहेत, पण यादीत नाव नाही, असेही होते. अशा वेळी यादी चुकीची आहे असे मानण्याआधी तीन शक्यता तपासाव्यात. सबस्क्रिप्शन अ‍ॅपमधून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले असेल, तर ते स्टोअरच्या यादीत येतच नाही आणि त्याच संकेतस्थळावर लॉग इन करून बंद करावे लागते. दुसरी शक्यता म्हणजे ते दुसऱ्या ईमेलच्या खात्यावर असणे. शाळेसाठी एक आणि खेळांसाठी एक, अशी दोन खाती मुलांकडे सहज असतात. तिसरी शक्यता ही की ते मोबाइल कंपनीच्या बिलातून जात असेल. यांतील कोणती खरी आहे हे ओळखण्यासाठी पैसे कापले गेल्याची पावती कोणत्या ईमेलवर आणि कोणाकडून आली ते पाहावे, तसेच बँकेच्या नोंदीत पैसे घेणाऱ्याचे नाव काय आहे तेही पाहावे. त्या नोंदीत अ‍ॅपचे नाव असेलच असे नाही, स्टोअरचे किंवा मूळ कंपनीचेही असू शकते.

खात्यात पैसे नसणे म्हणजे रद्द होणे असे मानणे

“कार्डात शिल्लकच नाही, मग घेतील कुठून?” हा मुलांचा आवडता युक्तिवाद आहे. पैसे न मिळाल्यास सेवा सहसा लगेच करार तोडत नाही. ती काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि दरम्यान वापरही चालू ठेवू शकते. त्याच दिवसांत वाढदिवसाचे पैसे कार्डात जमा झाले, तर ते तिकडे जातात. शिल्लक कमी ठेवणे हा नुकसान मर्यादित ठेवण्याचा उपाय म्हणून ठीक आहे, पण रद्द करण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

किमती एका मापात न आणता तुलना करणे

येथे कागद-पेन्सिल घ्यावी. त्याच चित्रकलेच्या अ‍ॅपचे तीन पर्याय आहेत असे धरू: आठवड्याला 40, महिन्याला 120 आणि वर्षाला 900. चलन कोणतेही असो, प्रमाण तेच राहते. पडद्यावर 40 हा आकडा सर्वांत लहान दिसतो. वर्षात 52 आठवडे असल्यामुळे त्याचे 2,080 होतात. मासिक पर्यायाचे 1,440 आणि वार्षिकाचे 900. मग वार्षिक पर्यायच घ्यावा का? मुलगी अ‍ॅप वर्षभर वापरणार असेल तरच. ती 3 महिन्यांत कंटाळली, तर मासिक पर्यायाचे 360 गेले असते आणि वार्षिकाचे 900 आधीच गेलेले असतात. या किमतींत 7 महिन्यांचे 840 होतात आणि 8 महिन्यांचे 960, म्हणजे आठव्या महिन्यापासून वार्षिक पर्याय स्वस्त ठरतो. हा हिशेब मुलांना जमतो, आणि तो त्यांच्याच हातून झाला तर अधिक चांगले.

एक बारकावा नजरेतून सुटू शकतो. काही ठिकाणी वार्षिक पर्यायाखाली ‘महिन्याला फक्त 75’ असे ठळक लिहिलेले असते, पण पहिल्या दिवशी 900 एकरकमी जातात. ट्रायल कोणत्या पर्यायाला जोडलेली आहे, हे पाहण्याचे कारण हेच.

मर्यादा पालकांनीच ठरवून टाकणे

मुलाने दोन आकडे स्वतः ठरवावेत: एका वेळी जास्तीत जास्त किती सबस्क्रिप्शन चालू राहतील आणि वर्षभरात त्यांवर एकूण किती खर्च होईल. महिन्याचा आकडा घेतला तर वार्षिक पर्याय त्यात बसत नाही आणि मूल नियमाला पळवाट शोधू लागते. वर्षाच्या आकड्यात तिन्ही प्रकार मोजता येतात. आकडा पालकांना जास्त वाटला, तरी तो मुलाच्या स्वतःच्या पैशांत मावत असेल तर पहिल्या वर्षी तसाच राहू द्यावा, असे माझे मत आहे.

खरेदीपूर्वी पालकांची परवानगी मागणारी सोय अ‍ॅपल आणि गूगल या दोघांच्याही कौटुंबिक खात्यांत आहे, पण तिच्यावर सर्व भार टाकू नये. परवानगी सुरुवातीला मागितली जाते. नंतरची नूतनीकरणे न विचारता होत राहतात. गूगलच्या बाबतीत तर ही सोय गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीपुरतीच चालते, त्यामुळे संकेतस्थळावर कार्ड देऊन घेतलेली ट्रायल तिच्या नजरेत येत नाही.

पैसे गेल्यावर फक्त परतावा मागणे

नको असलेले पैसे कापले गेलेच, तर पहिले काम सबस्क्रिप्शन रद्द करण्याचे आणि दुसरे परतावा मागण्याचे. परताव्याची विनंती केल्याने करार आपोआप बंद होतोच असे नाही. नुसती विनंती पाठवून वाट पाहत बसले तर पुढच्या फेरीचे पैसेही जाऊ शकतात. अ‍ॅपलकडे ही विनंती reportaproblem.apple.com येथे करता येते. गूगल प्लेवर खरेदीनंतरच्या पहिल्या 48 तासांत विनंती केल्यास परतावा मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्याशी संपर्क साधावा लागतो. विनंती मुलाने स्वतः लिहावी आणि तिच्यात खरेदीची तारीख, रक्कम, पावतीचा क्रमांक आणि रद्द केल्याची तारीख एवढेच असावे.