घरच्या दुसऱ्याच्या कार्डावर विमानाचं तिकीट काढताय? मग हे आधी करा

तिकीट काढायचं काम सोपं आहे. ज्याचं कार्ड त्याचा फोन जवळ ठेवा कारण ओटीपी तिकडे जाणार, आणि परदेशी एअरलाइनच्या साइटवर काढत असाल तर बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार आधी चालू करून घ्या. झालं.

खरी गडबड एअरपोर्टवर होते. 'ओटीपी टाकलाय ना, मग कोण कशाला विचारतंय' असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. देशातल्या फ्लाइटला सहसा कोणी विचारत नाही, पण परदेशी जाताना चोरलेल्या कार्डाचा संशय नको म्हणून काउंटरवर कार्ड दाखवा म्हणू शकतात. माझा भाचा फ्रँकफर्टला निघाला, तिकीट माझ्या कार्डावर, मी नाशिकला, तो रात्री मुंबईच्या काउंटरवर. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर म्हणाले चालणार नाही, शेवटी त्याला त्या दिवसाच्या रेटने नवीन तिकीट घ्यावं लागलं, आणि जुन्याचा रिफंड माझ्याच कार्डावर यायला कित्येक आठवडे गेले.

म्हणून आता मी बुकिंग झाल्या झाल्या एअरलाइनच्या अटी वाचतो आणि तिकिटावर कार्ड दाखवायची सूचना आहे का बघतो. वेब चेक-इन होतंय पण बोर्डिंग पास निघत नाही, काउंटरवर या असं येतंय, तर एक कारण हेही असू शकतं. मग निघायच्या आधीच कस्टमर केअरला फोन करा आणि शहरातल्या त्यांच्या ऑफिसात कार्ड दाखवून काम होतं का ते विचारा. होत असेल तर तेच करा, कार्डवाल्याने स्वतः जाऊन.

ते जमत नसेल तर कार्डवाल्याचं पत्र लागतं. एअरलाइनचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच भरा. नसेल तर साध्या कागदावर पासपोर्टवरचं प्रवाशाचं नाव, पीएनआर, तारीख, कुठून कुठे, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे, नातं आणि कार्डवाल्याचा मोबाइल लिहा, खाली त्याची सही. सोबत त्याच्या ओळखपत्राची आणि कार्डाची झेरॉक्स. झेरॉक्स काढताना कार्डावर आधी कागदाची पट्टी चिकटवा, बाकीचे आकडे झाकून शेवटचे चार आणि नाव तेवढं दिसू द्या. काढून झाल्यावर पेनाने खोडू नका, उजेडात धरलं की खालचं दिसतं. हल्ली बऱ्याच कार्डांवर नंबर आणि सीव्हीव्ही दोन्ही मागेच असतात, तिथे सीव्हीव्ही न विसरता झाका, तो एअरलाइनलाही द्यायचा नसतो.

कार्डवाला सोबतच प्रवास करत असेल तर त्याने कार्ड बरोबर ठेवलं की पुरे. मधल्या काळात कार्ड बदलून नवीन नंबर आला असेल तर जुनं फेकू नका, तिकिटावर जुनेच चार आकडे असतात. आणि कार्डवाला एअरपोर्टला सोडायला येणार असेल तरी कागद प्रवाशाच्या हातात द्या, कारण तिकीट नसलेल्याला सीआयएसएफवाले सहसा आत सोडत नाहीत.