'कपाशी सात नंबर नको आठ'

कोल्हापुरात माझे चपलांचे दुकान आहे आणि बऱ्याच ऑर्डरी मोबाइलवर येतात. मागे एका गिऱ्हाइकाचा संदेश आला: 'दादा कपाशी सात नंबर नको आठ लाल गोंडा'. मी 'कपाशी म्हणजे काय?' असे विचारून वर आणखी तीन प्रश्न लिहिले. उत्तर आलेच नाही.

नंतर तो मजकूर मोठ्याने वाचला तेव्हा उलगडा झाला. बोटाने टाइप करताना चुकले की बहुधा निरर्थक शब्द उमटतो. इथे मात्र प्रत्येक शब्द शुद्ध, फक्त 'कापशी' या चपलेच्या प्रकाराच्या जागी शेतातली कपाशी! म्हणजे माणूस बोलला होता आणि फोनने चुकीचे ऐकले होते. (नुसते विरामचिन्ह नसणे हा पुरावा नव्हे; ते आमच्याकडे कोणीच देत नाही.)

चपलेचा प्रकार आवाजावरून कळला, पण 'सात नंबर, नको आठ' की 'सात नंबर नको, आठ' हे स्वल्पविरामाशिवाय कळणे शक्य नव्हते. म्हणून आता मी शब्दाची चूक न दाखवता योग्य शब्द उत्तरात वापरतो आणि जिथे खरोखर दोन अर्थ निघतात तेवढेच विचारतो: 'कापशी, लाल गोंडा. नंबर ७ की ८?' त्याचे उत्तर एका शब्दात बोलता येते. त्याच गिऱ्हाइकाला असे विचारले तेव्हा 'आठ' असे उत्तर लगेच आले.