दोघं एकाच वेळी काय करत होते? व्हाइल आणि ॲजच्या स्वाध्यायांबद्दल

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मोठ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासते आहे. पास्ट कंटिन्युअस, म्हणजे चालू भूतकाळ, सुटा विचारला तर सगळ्यांना येतो. वॉज किंवा वेअर, पुढे इंगवालं क्रियापद, झालं. गाडी अडते ती दोन माणसांच्या स्वाध्यायात. एक तक्ता दिलेला असतो, त्यात दोघांची कामं आणि वेळा असतात आणि वर सूचना असते की व्हाइल किंवा ॲज वापरून वाक्यं करा. बहुतेक जण लगेच वाक्यं लिहायला घेतात. माझं सांगणं असतं की आधी पेन्सिलने दोन आडव्या रेघा ओढा.

एक तक्ता घेऊ. सीमा 6:00 ते 6:40 खोली साफ करते, 6:40 ते 7:00 फोनवर बोलते आणि 7:00 ते 7:30 कपड्यांना इस्त्री करते. रोहन 6:00 ते 7:00 रिपोर्ट लिहितो आणि 7:00 ते 7:30 गिटार वाजवतो. 7:15 ला दिवे जातात. वरची रेघ सीमाची, खालची रोहनची. ज्या वेळेला दोन्ही रेघांवर काम चालू आहे, तेवढ्याच तुकड्यावर व्हाइलचं वाक्य बसतं.

पहिली चाळीस मिनिटं सरळ आहेत: 'व्हाइल सीमा वॉज क्लीनिंग द रूम, रोहन वॉज रायटिंग अ रिपोर्ट.' आता इथे बरेच जण रोहनचा रिपोर्ट वापरून झाला असं समजून पुढच्या ओळीवर जातात. पण रोहनची रेघ 7:00 पर्यंत जाते, म्हणजे सीमाच्या फोनखालीही तोच रिपोर्ट आहे. म्हणून दुसरं वाक्यही त्याच्यावरच होतं: 'व्हाइल सीमा वॉज टॉकिंग ऑन द फोन, रोहन वॉज स्टिल रायटिंग द रिपोर्ट.' त्यातला 'स्टिल' सक्तीचा नाही, पण तो घातला की तक्ता नीट वाचल्याचं तपासणाऱ्याला लगेच कळतं.

फसवी जागा 7:00 ची. रोहनचा रिपोर्ट 7:00 ला संपतो आणि सीमाची इस्त्री 7:00 ला सुरू होते. रेघा तिथे एकमेकींना नुसत्या टेकतात, एकमेकींवर येत नाहीत. तरीही 'सीमा इस्त्री करत असताना रोहन रिपोर्ट लिहीत होता' अशा अर्थाची वाक्यं मला हमखास सापडतात. व्याकरण अचूक, उत्तर चूक. तसंच सीमाची साफसफाई आणि सीमाचा फोन एका व्हाइलमध्ये बांधता येत नाहीत, कारण ती एकामागून एक झालेली कामं आहेत. तिथे 'आफ्टर' लागतो आणि साधा भूतकाळ.

7:15 चे दिवे तर रेघ नाहीतच, तो ठिपका आहे. दिवे जाणं क्षणात होतं, म्हणून त्याला चालू काळ लावायचा नाही: 'द लाइट्स वेंट आउट व्हाइल सीमा वॉज आयर्निंग अँड रोहन वॉज प्लेइंग द गिटार.' धड्याचं नाव 'दोन्ही बाजूंना पास्ट कंटिन्युअस' असलं की विद्यार्थी 'द लाइट्स वेअर गोइंग आउट' लिहून मोकळे होतात. स्वाध्याय रचणारे असा एखादा ठिपका मुद्दाम पेरतात, हे गृहीतच धरा.

आता वाक्याच्या बांधणीकडे. आपल्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: 'व्हाइल सीमा क्लीनिंग द रूम, रोहन वॉज रायटिंग.' पहिला वॉज गायब. याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. 'सीमा खोली साफ करत असताना रोहन लिहीत होता' या वाक्यात काळ एकदाच, शेवटच्या 'होता'मध्ये येतो. 'असताना'ला काळच नाही. इंग्रजीत मात्र व्हाइलनंतर कर्ता आला की त्याला त्याचं वॉज किंवा वेअर द्यावंच लागतं. म्हणून लिहून झाल्यावर वाक्य पुन्हा वाचण्याऐवजी फक्त वॉज-वेअर मोजा. दोन माणसं, दोन कामं, तर सहायक क्रियापदंही दोन हवीत.

वॉजबरोबर कर्ताही गाळला, तर वाक्य शुद्ध राहतं पण अर्थ पालटतो. 'व्हाइल क्लीनिंग द रूम, रोहन वॉज सिंगिंग' म्हणजे साफसफाईही रोहनच करत होता. एकाच माणसाच्या दोन कामांसाठी ही रचना छान आहे. दोन माणसांच्या स्वाध्यायात तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी मराठी सवय म्हणजे जोड-शब्दाची जोडी. 'जेव्हा' म्हटलं की आपल्याला 'तेव्हा' म्हणावंसं वाटतं, आणि मग 'व्हाइल सीमा वॉज क्लीनिंग, देन रोहन वॉज रायटिंग' असं वाक्य उतरतं. व्हाइल एकटा पुरतो. तो वाक्याच्या सुरुवातीला आला तर पहिल्या भागानंतर स्वल्पविराम द्या. मध्ये आला आणि वेळ सांगत असेल, तर स्वल्पविराम नको.

ॲजबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'ॲज सीमा वॉज टॉकिंग ऑन द फोन, रोहन वॉज लुकिंग आफ्टर द चाइल्ड' हे वाक्य बरोबर आहे, पण सीमा बोलत असताना, की सीमा बोलत होती म्हणून? ॲजचा 'कारण' हाही अर्थ असल्याने वाचणारा घुटमळतो. दोघांची कामं नुसती शेजारी-शेजारी चाललेली असतील, तर व्हाइलच घ्या. ॲज शोभतो तो दोन कामं पावलाला पाऊल लावून चालतात तेव्हा: 'ॲज रोहन वॉज रीडिंग आउट द नेम्स, सीमा वॉज टिकिंग देम ऑफ.' इकडे नाव उच्चारलं की तिकडे खूण. इथे व्हाइल लिहिलं तरी चूक नाही, फक्त ती सांगड थोडी सैल होते.

क्रियापद निवडतानाही एकदा थांबा. नो, बिलीव्ह, बिलाँग अशी स्थिती दाखवणारी क्रियापदं इंग रूपात सहसा येत नाहीत. 'रोहन वॉज नोइंग द आन्सर' असं होत नाही, 'रोहन न्यू द आन्सर' असंच लिहायचं, मग शेजारी सीमा काहीही करत असो.

शेवटचा प्रकार प्रश्नांचा. 'व्हॉट वॉज रोहन डूइंग व्हाइल सीमा वॉज क्लीनिंग द रूम?' यात वॉज आणि कर्ता यांची अदलाबदल फक्त मुख्य भागात झाली आहे. व्हाइलनंतर साध्या वाक्याचाच क्रम राहतो, 'व्हाइल वॉज सीमा क्लीनिंग' होत नाही. उत्तर देताना ज्याच्याबद्दल विचारलंय त्याला मुख्य भागात ठेवा आणि दुसऱ्याला व्हाइलच्या मागे: 'रोहन वॉज रायटिंग अ रिपोर्ट व्हाइल सीमा वॉज क्लीनिंग द रूम.' उलट लिहिलं, तर विचारलं रोहनबद्दल आणि माहिती मिळाली सीमाची, असं ते उत्तर वाचायला लागतं.