खरीप टोमॅटो: शेवटचा तोडा कोणता, हे भाव आणि सीमांत खर्चावरून ठरवा

खरीप टोमॅटोचा हंगाम उतरणीला लागला की आणखी तोडे घ्यावेत की प्लॉट मोडावा, हा प्रश्न उभा राहतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हजारो क्रेट उतरत असताना आपल्या पन्नास क्रेटने भाव हलत नाही; तो आपल्याला आहे तसाच घ्यावा लागतो. अर्थशास्त्रात यालाच पूर्ण स्पर्धा म्हणतात. अशा वेळी आपल्या हातात एकच निर्णय उरतो, तो म्हणजे किती माल काढायचा. पुढच्या प्रत्येक क्रेटला येणारा वाढीव खर्च, म्हणजेच सीमांत खर्च, भावाइतका होईपर्यंत माल काढावा आणि तिथे थांबावे.

उदाहरणादाखल एक एकराचा प्लॉट घेऊ. अकरा तोड्यांत ९०० क्रेट निघाले असून रोपे, मल्चिंग, बांबू-तार, खते आणि मजुरी मिळून १,८०,००० रुपये खर्च झाला आहे. भाव क्रेटला २०० रुपये धरू. पुढच्या प्रत्येक तोड्याला फवारणी, विद्राव्य खत, तोडणीची मजुरी, हमाली आणि गाडीभाडे लागते, पण माल कमी होत जातो. बाराव्या तोड्याला ९,९०० रुपयांत ९० क्रेट मिळतात, म्हणजे क्रेटला ११० रुपये पडतात. तेराव्याला ९,७५० रुपयांत ७५ क्रेट, म्हणजे १३० रुपये. चौदाव्याला ९,६०० रुपयांत ६० क्रेट, म्हणजे १६० रुपये. पंधराव्याला तेवढ्याच ९,६०० रुपयांत ४८ क्रेट निघतात आणि खर्च नेमका २०० रुपयांवर येतो. सोळाव्याला मात्र ९,४५० रुपयांत ३५ क्रेट मिळतात आणि क्रेट २७० रुपयांना पडतो.

पंधराव्या तोड्याअखेर १,१७३ क्रेटचे २,३४,६०० रुपये येतात, खर्च २,१८,८५० होतो आणि नफा १५,७५० रुपये राहतो. सोळावा तोडा घेतल्यास नफा १३,३०० वर उतरतो. नेमकी इथेच फसगत होते, कारण सोळाव्यानंतरही सरासरी खर्च क्रेटला सुमारे १८९ रुपयेच दिसतो आणि प्लॉट अजून परवडतो आहे असे वाटते. म्हणून सरासरी पाहू नये. फक्त पुढच्या तोड्याचा हिशेब करावा.

बाराव्या तोड्याच्या आधीच भाव १५० वर घसरला, तर तेराव्या तोड्यावर थांबावे. तेव्हा एकूण हिशेबात तोटा दिसला तरी बारावा आणि तेरावा तोडा घ्यावेतच, कारण त्यांतून ५,१०० रुपये सुटतात. आधी घातलेले भांडवल प्लॉट मोडल्याने परत येत नाही.

हा नियम सीमांत खर्च चढता असतानाच लावावा. पहिल्या तोड्यांना माल थोडा असल्याने तेव्हाही क्रेट महाग पडतो, पण तो थांबण्याचा इशारा नव्हे. घरच्या माणसांची मजुरी चालू दराने धरावी. उशिराच्या बारीक मालाला कमी भाव मिळत असेल तर तोच भाव हिशेबात घ्यावा, आणि त्या रानात रब्बीचा कांदा लावायचा असेल तर लागवड लांबल्याने होणारे नुकसानही पुढच्या तोड्याच्या खर्चात मिळवावे.