कुष्ठरोगाचे आकडे वाचताना या चुका टाळा

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचा प्रिव्हलन्स दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आला. हे वाचून बरेच विद्यार्थी 'लागण थांबत आली' असं लिहून मोकळे होतात. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा.

प्रिव्हलन्स म्हणजे आज नोंदवहीत असलेले सगळे रुग्ण, जुने आणि नवे. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेले. बहुविध औषधोपचाराचा कोर्स संपला की रुग्णाचं नाव नोंदवहीतून कमी होतं. एमबी, म्हणजे शरीरात जंतू जास्त असलेल्या रुग्णांचा हा कोर्स आधी दोन वर्षांचा होता, नंतर तो एक वर्षाचा झाला.

आता एक लाख वस्तीचा तालुका धरा. तिथे दरवर्षी १० नवे एमबी रुग्ण होतात. कोर्स दोन वर्षांचा असेल तर नोंदवहीत कायम २० जण दिसतील, एक वर्षाचा केला तर १०. प्रिव्हलन्स निम्म्यावर आला, इन्सिडन्स मात्र लाखामागे १० तिथेच. स्थिर परिस्थितीत प्रिव्हलन्स साधारण इन्सिडन्स गुणिले कालावधी इतका असतो, म्हणून तो उतरला की आधी कालावधी बदलला का ते बघा.

नवे रुग्ण मोजतानाही जपून. कुष्ठरोगाची लक्षणं दिसायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे यंदा सापडलेला रुग्ण यंदाच आजारी पडला असं नाही. शोधमोहीम थंडावली तरी आकडा घटतो. अशा वेळी मी नव्या रुग्णांतलं दृश्य विकृतीचं प्रमाण बघायला सांगेन. ते वाढत असेल तर रुग्ण उशिरा सापडताहेत. नव्या रुग्णांत लहान मुलं असतील तर लागण अजून चालू आहे.

रिलेटिव्ह रिस्क म्हणजे एका गटातला धोका दुसऱ्या गटाच्या किती पट आहे ते. त्यात सर्वाधिक गोंधळ छेदाचा होतो. समजा, रुग्णांच्या घरातले १,०२० जण तपासले आणि २० जण आधीच बाधित निघाले. त्यांना वगळून उरलेल्या १,००० जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. ८ नवे रुग्ण झाले. धोका ०.८ टक्के. ज्यांच्या घरात रुग्ण नाही अशा २०,००० निरोगी लोकांत तेवढ्याच काळात ४० झाले, म्हणजे ०.२ टक्के. रिलेटिव्ह रिस्क ४. ते जुने २० न वगळता धोका २८ भागिले १,०२० असा काढला, तर तो सुमारे २.७ टक्के होतो आणि रिलेटिव्ह रिस्क जवळजवळ १४ येते!

चारपट धोका म्हणजे चार टक्के धोका नव्हे. फरक हजारी ६ रुग्णांचा आहे. शिवाय एकूण ४८ नव्या रुग्णांपैकी ४० जणांच्या घरात आधी रुग्ण नव्हताच. धोका चारपट आहे म्हणून फक्त घरच्यांचीच तपासणी केली, तर या उदाहरणात सहापैकी पाच रुग्ण हातचे सुटतील.