मोडीचे सोने विकताना भाव नाही, शुद्ध ग्रॅम मोजा

जुना दागिना मोडीत काढताना आपण सगळ्यात आधी विचारतो, "आज भाव काय?" पण भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो किती सोने धरले यात. म्हणून प्रत्येक सराफाच्या बोलीचे शुद्ध सोन्याच्या ग्रॅममध्ये रूपांतर करा.

आधी खडे, मणी, लाख आणि दोरा काढून निव्वळ वजन करून घ्या. काटा शून्यावर आहे ना, तेही पाहा. मग शुद्धता. ९१६ ची खूण म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, अर्थात २२ कॅरेट. कसोटीच्या दगडावर ढोबळ अंदाज येतो. क्ष-किरण यंत्र काही क्षणांत आकडा देते, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा असला की आकडा चढा येतो, सांध्याच्या झाळेवर धरले की कमी. त्यामुळे तीन-चार ठिकाणी तपासायला सांगा. दागिना गाळून केलेल्या लगडीची तपासणी जास्त भरवशाची असते, मात्र दागिना परत मिळत नाही. म्हणून गाळण्याआधी बोली लेखी घ्या आणि गाळताना समोरच उभे राहा.

समजा, तुमच्या हाराचे निव्वळ वजन २० ग्रॅम आहे. पहिला सराफ तो २२ कॅरेटचा धरतो आणि ५ टक्के घट कापतो. १९ ग्रॅमचे ९१.६ टक्के, म्हणजे १७.४० ग्रॅम शुद्ध सोने. दुसरा हार गाळतो. लगडी १९.८ ग्रॅम भरते आणि शुद्धता ९० टक्के निघते, म्हणजे १७.८२ ग्रॅम. त्यातून तो १ टक्का कापतो आणि १७.६४ ग्रॅमचे पैसे देतो. शुद्धता कमी लागूनही दुसरा परवडला. लगडी तपासल्यावरही कुणी ४-५ टक्के घट लावत असेल तर कारण विचारा, कारण गाळण्यातली घट लगडीच्या वजनातून आधीच गेलेली असते. भाव २४ कॅरेटचा लावला की २२ चा, तेही विचारा. शुद्ध ग्रॅमला २२ चा भाव लावला तर शुद्धता दोनदा कापली जाते.

जुना दागिना देऊन नवा घेतला, म्हणजे बदली केली, तर खरी मेख घडणावळीत असते. तिसरा सराफ "घट शून्य" म्हणत पूर्ण १८.३२ ग्रॅम धरतो. दुसऱ्यापेक्षा ०.६८ ग्रॅम जास्त! पण २० ग्रॅमच्या नव्या दागिन्यावर त्याची घडणावळ १६ टक्के आहे आणि तसाच दागिना दुसरीकडे १० टक्क्यांत मिळतो. हा ६ टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे १.१ ग्रॅम शुद्ध सोने. म्हणून बदली करायची असली तरी आधी विचारा: हेच सोने रोखीने घेतले तर किती द्याल? आणि नव्या दागिन्याचे बिल जुन्याशी न जोडता वेगळे मागा.